एका प्रश्नातले चार प्रश्न

*"मी इंटर्न आहे. नीट पीजीचे गेल्या पाच वर्षांचे रिकॉल पेपर दोनदा सोडवून झाले. पहिल्यांदा ५५ टक्के बरोबर आले, दुसऱ्यांदा ८८. तरी ग्रँड टेस्टमध्ये केस दिलेली असली की हमखास दोन ऑप्शनवर येऊन अडकते आणि नेमकं चुकीचं मारते. चुकलेल्या प्रश्नांचं एक्स्प्लनेशन वाचते, वहीत उतरवून घेते. अशा तीन वह्या भरल्या. शिवाय काही प्रश्नांची उत्तरं दोन ठिकाणी दोन वेगळी दिलेली सापडतात, तिथे कोणतं धरायचं? ड्युटी सांभाळून दिवसाला जेमतेम अडीच तास मिळतात."*
*— एक इंटर्न, मराठवाडा*

प्रिय डॉक्टर,

त्या ८८ मधले बरेचसे गुण ओळखीचे आहेत. 'बावीस वर्षांचा मुलगा, उलट्या, साखर ४८०' एवढं वाचेपर्यंत तुम्हाला उत्तर आठवलेलं असतं आणि मधल्या तीन ओळी डोळ्यांखालून नुसत्याच सरकतात. ग्रँड टेस्टमध्ये तोच मुलगा येतो, फक्त त्याचं पोटॅशियम बदललेलं असतं. तुम्ही मात्र जुनंच उत्तर देऊन येता. म्हणून पेपर तिसऱ्यांदा सोडवायला घेऊ नका. आता ऑप्शन अभ्यासायचे. केसवरच्या प्रश्नात चुकीचे तीन ऑप्शन सहसा उगाच भरलेले नसतात. ते दुसऱ्या कुठल्यातरी रुग्णासाठी बरोबर असतात, आणि तो रुग्ण कोणता हे शोधणं म्हणजेच जुन्या प्रश्नाचा अभ्यास.

हे कसं करायचं ते एका प्रश्नावर सावकाश पाहू. जुन्या पेपरांत वारंवार येणाऱ्या धर्तीवर तो इथे बेतला आहे.

टाईप १ मधुमेह असलेला २२ वर्षांचा तरुण दोन दिवसांच्या उलट्या आणि पोटदुखी घेऊन कॅज्युअल्टीत येतो. त्याने चार दिवस इन्सुलिन घेतलेलं नाही. श्वास खोल आणि जलद, नाडी ११८, बीपी ९६/६०. रक्तातली साखर ४८०, पीएच ७.०८, बायकार्बोनेट ८, सोडियम १३०, पोटॅशियम २.९, लघवीत कीटोन तीन प्लस. पहिल्या तासात एक लिटर नॉर्मल सलाईन दिलं आहे आणि लघवी व्यवस्थित होते आहे. पुढची पायरी कोणती?

ए) रेग्युलर इन्सुलिनचं इन्फ्युजन, ताशी ०.१ युनिट प्रति किलो
बी) शिरेतून पोटॅशियम क्लोराइड
सी) शिरेतून सोडियम बायकार्बोनेट
डी) ५ टक्के डेक्स्ट्रोज घातलेलं सलाईन

उत्तर बी. बहुतेक एक्स्प्लनेशन इथे दोन ओळी सांगून थांबतात: पोटॅशियम कमी असताना इन्सुलिन देऊ नये, आधी पोटॅशियम भरावं. वहीत तुम्ही हेच उतरवलं असणार. आता उत्तरांची की बाजूला ठेवा आणि एकेका ऑप्शनला विचारा: 'तू बरोबर ठरायला या केसमधलं काय बदलावं लागेल?'

ए पासून सुरू करा, कारण तुमच्यासारखे अभ्यास केलेले विद्यार्थी फसतात ते याच ऑप्शनला. डीकेए म्हटलं की इन्सुलिन, ही जोडी डोक्यात घट्ट बसलेली असते, आणि ती चूकही नाही. पोटॅशियम ४.२ करा, बाकी एक अक्षर बदलू नका. ए बरोबर झाला. इन्सुलिन सुरू करायचं आणि पुढच्या प्रत्येक लिटर सलाईनमध्ये पोटॅशियम घालत जायचं. पोटॅशियम ५.८ केलं तरी उत्तर ए हेच राहतं, फक्त सलाईनमध्ये पोटॅशियम तूर्त घालायचं नाही, दर दोन तासांनी तपासत राहायचं. म्हणजे ए आणि बी यांच्यामध्ये एकच आकडा उभा आहे. ज्या शब्दावर किंवा आकड्यावर उत्तर या बाजूचं त्या बाजूला फिरतं, त्याला आपण इथे बिजागरी म्हणू. प्रत्येक केसमध्ये तुम्हाला ती शोधायची आहे.

बिजागरी नुसती सापडून भागत नाही, ती तिथे का आहे हेही कळायला हवं, नाहीतर तो आणखी एक पाठ केलेला आकडा होईल. या मुलाच्या शरीरातलं पोटॅशियम उलट्यांतून आणि साखरेबरोबर वाहून गेलेल्या लघवीतून आधीच बाहेर पडलं आहे. पण इन्सुलिनच नसल्यामुळे आणि रक्त घट्ट झाल्यामुळे पेशींतलं पोटॅशियम रक्तात येत राहतं, म्हणून डीकेएच्या बहुतेक रुग्णांत रिपोर्ट नॉर्मल किंवा चढाच दिसतो. अशा स्थितीतही ज्याचं २.९ आलं, त्याची तूट फार मोठी आहे. त्यात इन्सुलिन दिलंत तर उरलंसुरलं पोटॅशियम पेशींत जाईल, हृदयाची लय बिघडेल, श्वासाचे स्नायू दुबळे पडतील. म्हणून ताशी १० ते २० मिलिमोल या गतीने पोटॅशियम देऊन ते ३.५ च्या वर आणायचं आणि मगच इन्सुलिन.

हे कारण हाताशी असलं की सी आपोआप दोनदा बाद होतो. बायकार्बोनेटसुद्धा पोटॅशियमला पेशींत ढकलतं, शिवाय पीएच ७.०८ ला त्याची गरज नाही. त्याला बरोबर ठरवायचं तर पीएच ६.८५ करावा लागेल आणि पोटॅशियमही आधी सुधारावं लागेल. डी काही तासांनी बरोबर ठरेल: साखर उतरत २५० च्या खाली आली, पण ॲसिडोसिस अजून उरला आहे, अशा वेळी. तेव्हा डेक्स्ट्रोज सुरू करायचं ते इन्सुलिन चालू ठेवता यावं म्हणून, कारण कीटोन थांबवायचे आहेत. साखर २२० आली की इन्सुलिन बंद, असा ऑप्शन दुसऱ्या एखाद्या पेपरात दिसला तर तो का चुकीचा, हे तुम्हाला इथेच कळलेलं असेल.

ऑप्शन झाले, आता केसच्या ओळी पाहा. 'एक लिटर नॉर्मल सलाईन दिलं आहे' हे वाक्य काढून टाकलं तर? तर पहिलं उत्तर नॉर्मल सलाईन होईल. परीक्षकाने तो टप्पा संपवून तुम्हाला पुढच्या टप्प्यावर आणून उभं केलं आहे. 'लघवी व्यवस्थित होते आहे' हे वाक्य काढलं तर बी सुद्धा डळमळतो, कारण किडनी चालते आहे याची खात्री नसताना पोटॅशियम देणं धोक्याचं. सोडियम १३० मात्र इथे हुलकावणी आहे. साखर १०० च्या वर जितके शंभर चढली, तितक्या वेळा १.६ मिळवा: ३.८ गुणिले १.६ म्हणजे साधारण ६, आणि खरं सोडियम १३६. हायपोनेट्रेमिया म्हणून उपचार करण्यासारखं काहीच नाही.

एवढं करायला सहा-सात मिनिटं लागतात. आता वहीत काय लिहायचं ते महत्त्वाचं. तुमच्या तीन वह्या भरल्या आणि फरक पडला नाही, याचं कारण त्यांत उत्तरं आहेत, अटी नाहीत. एक्स्प्लनेशन उतरवू नका. 'जर... तर' अशी वाक्यं स्वतःच्या शब्दांत लिहा, एका प्रश्नाला जास्तीत जास्त चार. या प्रश्नाची अशी होतील:

डीकेए, पोटॅशियम ३.५ खाली → आधी पोटॅशियम, इन्सुलिन थांबव.
डीकेए, पोटॅशियम ३.५ ते ५ → इन्सुलिन सुरू, सलाईनमध्ये पोटॅशियम.
डीकेए, साखर २५० खाली पण ॲसिडोसिस आहे → डेक्स्ट्रोज जोड, इन्सुलिन चालू ठेव.
डीकेए, पीएच ७ च्या खाली → तेव्हाच बायकार्बोनेटचा विचार.

बाणाच्या डावीकडे रुग्ण, उजवीकडे कृती. पान उभं दुमडलं की उजवी बाजू झाकली जाते आणि तीच तुमची उजळणी. तीन दिवसांनी एकदा आणि दोन आठवड्यांनी एकदा डावी बाजू वाचून उजवी तोंडाने सांगायची. अडखळलात तर त्या ओळीपुढे टिंब द्या. तीन टिंबं पडलेली ओळ पुस्तकातलं मूळ प्रकरण उघडायला सांगते आहे असं समजा, कारण तिथे प्रश्नांचा सराव पुरेसा पडत नाही, विषयच कच्चा राहिला आहे.

आता दोन ऑप्शनवर अडकण्याबद्दल. अडकलात तेव्हा मनात उरलेला दुसरा ऑप्शन कोणता होता, हे तुम्ही कुठेच नोंदवत नाही. पेपर तपासताना फक्त बरोबर-चूक दिसतं आणि खरी माहिती हातून निसटते. सोडवतानाच उत्तराच्या शेजारी दोन गोष्टी लिहायची सवय लावा. एक, खात्री: पक्कं, अर्धवट की तुक्का, 'प', 'अ', 'तु' एवढंच. दोन, अर्धवट असेल तर शेवटी सोडून दिलेला ऑप्शन. 'ए, अ, बी' असं लिहिलेलं दिसलं की तपासताना तुमच्यासमोर नेमकी जोडी असते: इन्सुलिन की पोटॅशियम. मग एक्स्प्लनेशन उघडण्याआधी त्या जोडीमधली बिजागरी स्वतः शोधायची. आधी एक्स्प्लनेशन वाचलंत तर सगळं पटतं आणि आपल्याला हे येत होतं असा भास होतो.

अशा जोड्या पंधरा दिवस जमवल्या की त्यांत ठरावीक प्रकार दिसू लागतात.

सगळ्यांत जास्त सापडतो तो क्रमाचा घोळ. दोन्ही ऑप्शन योग्य असतात, पण एक आधीचा आणि एक नंतरचा. छातीला मार लागलेला माणूस, धाप, बीपी ७०, मानेच्या शिरा फुगलेल्या, एका बाजूला श्वासाचा आवाज नाही. छातीचा एक्स-रे आणि सुईने हवा काढणं असे दोन्ही ऑप्शन असतील तर आधी सुई, कारण टेन्शन न्यूमोथोरॅक्सचं निदान हातांनी आणि कानांनीच झालेलं आहे. एक्स-रेची वाट पाहण्याइतका वेळ त्या रुग्णाकडे नाही. त्याच यादीत इंटरकॉस्टल ड्रेन असेल तर तो सुईनंतर येतो. प्रश्नात 'तातडीचा पहिला उपाय' विचारलाय की 'कायमचा उपाय', यावर उत्तर फिरतं.

दुसरा प्रकार, रुग्ण स्थिर की अस्थिर. मोटारसायकलवरून पडलेला तरुण, पोटाला मुका मार, फास्ट सोनोग्राफीत पोटात रक्त. एक लिटर सलाईन देऊनही बीपी ८०/५० असेल तर लॅपरोटॉमी. बीपी १२०/८० आणि नाडी ८८ असेल तर कॉन्ट्रास्ट सीटी. फास्टचा रिपोर्ट दोन्हीकडे एकच आहे, म्हणून 'फास्ट पॉझिटिव्ह म्हणजे ऑपरेशन' असं पाठ केलेला विद्यार्थी निम्म्या वेळा चुकतो. ट्रॉमाच्या कुठल्याही प्रश्नात ऑप्शन वाचण्याआधी बीपी आणि नाडीखाली बोट ठेवा.

तिसरा प्रकार म्हणजे पहिली तपासणी आणि पक्की तपासणी. ॲक्रोमेगॅलीत सुरुवातीला आयजीएफ-१ आणि खात्रीसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन ग्रोथ हॉर्मोन दबतं का पाहणं. दोन्ही ऑप्शन समोर असतात आणि प्रश्नाच्या शेवटच्या ओळीतला एक शब्द निवाडा करतो. याच कारणाने लांब केस असेल तर शेवटची ओळ आधी वाचा, मग वरून सुरुवात करा. निदान विचारलंय, तपासणी विचारलीय, की पुढची पायरी, हे माहीत असलं की वाचताना नजर योग्य जागी थांबते. निदान ओळखल्याच्या आनंदात निदानाचंच उत्तर मारून मोकळं होणं ही चूक हुशार मुलांकडूनच जास्त होते.

'खालीलपैकी कोणतं चुकीचं' अशा प्रश्नांना ही पद्धत लावू नका. तिथे तीन विधानं खरी असतात, ती वाचून घ्या आणि खोटं विधान दुरुस्त करून लिहा, पुरे. एका ओळीचे पाठांतराचे प्रश्न, म्हणजे कोणत्या आजाराचा वाहक कोण, कोणतं गुणसूत्र, त्यांच्यावरही मिनिटापेक्षा जास्त घालवू नका.

तुमच्या अडीच तासांचा हिशेब असा बसतो. २०२४ पासून नीट पीजीच्या २०० प्रश्नांचे ४०-४० चे पाच भाग असतात, प्रत्येकाला ४२ मिनिटं, आणि भाग संपला की मागे जाता येत नाही. म्हणून सराव ४० च्याच गठ्ठ्याने, घड्याळ लावून करा. एका प्रश्नाला सरासरी ६३ सेकंद येतात. छोट्या प्रश्नांत २०-२५ सेकंद वाचवले तरच केसला दीड मिनिट मिळतं, हे हाताला लागायला हवं. विषयवार गठ्ठा घेऊ नका. सगळे प्रश्न मेडिसिनचेच आहेत हे ठाऊक असलं की निम्मं निदान तिथेच झालेलं असतं, परीक्षेत ती सवलत नसते.

४२ मिनिटांनी थांबा आणि पाणी पिऊन की लावा. समजा ४० पैकी १८ पक्के होते आणि बरोबरही आले. त्यांच्या ऑप्शनवरून पंधरा मिनिटांत नजर फिरवा. उरलेल्या २२ मध्ये दहा एका ओळीचे असतील, त्यांना दहा मिनिटं. राहिले बारा केसचे प्रश्न, प्रत्येकी सहा मिनिटं म्हणजे ७२. सगळं मिळून २ तास २० मिनिटांच्या आसपास. एखाद्या दिवशी ड्युटी लांबली तर ४० च्या जागी २० सोडवा, पण प्रश्नांची संख्या गाठायची म्हणून तपासणी कापू नका. आज सोडवून परवा तपासायचं असंही नको, कारण दोन ऑप्शनपैकी एक आपण का सोडला होता, ते तोवर आठवत नाही.

त्या बारांत क्रम लावा. 'पक्कं' लिहिलं आणि चुकलं, ते सर्वांत आधी. तिथे तुम्हाला काहीतरी चुकीचं ठामपणे माहीत आहे आणि कारण सापडलं नाही तर परीक्षेत तुम्ही तिथे थांबणारसुद्धा नाही. त्यानंतर दोन ऑप्शनवरचे. मग तुक्का लागून बरोबर आलेले. तुम्ही आजवर फक्त चुकलेल्यांचं एक्स्प्लनेशन वाचत आलात, म्हणजे तुक्क्याने मिळालेले गुण दर वेळी न तपासता खात्यात जमा झाले. दुसऱ्या फेरीतल्या ८८ मध्ये असेही बरेच असणार.

पद्धत लागू पडते आहे का, हे एकूण टक्क्यांवरून लवकर कळत नाही. प्रत्येक गठ्ठ्यानंतर एवढंच मोजा: दोन ऑप्शनवर किती प्रश्नांत अडकलात आणि त्यांतले किती बरोबर आले. नऊपैकी तीन बरोबर येत असतील तर नाणं उडवलं असतं तरी याहून बरं झालं असतं. याचा अर्थ तुम्हाला त्या ऑप्शनकडे ओढणारी एखादी चुकीची जोडी डोक्यात पक्की बसली आहे. वहीतल्या नोंदींत ती पुन्हापुन्हा दिसेल. बहुतेकांच्या बाबतीत ती 'तपासणी आधी, उपचार नंतर' अशी असते, कारण वॉर्डात आपण रिपोर्टची वाट पाहायला शिकतो.

दोन ठिकाणी दोन उत्तरं, याचं मूळ समजून घ्या. नीट पीजीचा पेपर प्रश्नांसकट प्रसिद्ध होत नाही. तुमच्याकडे आहेत ते उमेदवारांनी बाहेर आल्यावर आठवून सांगितलेले प्रश्न. आठवणीतून सर्वांत आधी गळतात ते आकडे, आणि वर पाहिलंत तसं उत्तर आकड्यांवरच फिरतं. वरच्या केसमधून पोटॅशियमचा आकडा गळला, तर एक जण इन्सुलिन म्हणेल आणि दुसरा पोटॅशियम, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील. म्हणून आधी दोन्हीकडची केस शब्दाला शब्द लावून पाहा. केसच वेगळी असेल तर तंटा मिटला, दोन्ही 'जर... तर' लिहून घ्या. केसमध्ये बिजागरीच नसेल, तर तो प्रश्न अर्धवट आठवलेला आहे. कोणती माहिती असती तर कोणतं उत्तर आलं असतं, एवढं लिहा आणि पुढे जा.

केस तीच असून उत्तर वेगळं असेल तर वर्ष बघा. वैद्यकातली उत्तरं बदलतात. क्षयरोगाच्या जुन्या प्रश्नांत आठवड्यातून तीन दिवस औषधं आणि दुसऱ्या कॅटेगरीत स्ट्रेप्टोमायसिन अशी उत्तरं सापडतील, कारण तेव्हाचा राष्ट्रीय कार्यक्रम तसाच होता. २०१७ पासून देशभर रोजची, वजनानुसार एकत्र गोळी आली: दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. ती दुसरी कॅटेगरीही गेली. टेन्शन न्यूमोथोरॅक्समध्ये सुई कुठे घालायची, याचं जुनं उत्तर कॉलरबोनच्या मध्यरेषेत दुसरी फट. २०१८ च्या एटीएलएस आवृत्तीने मोठ्या माणसांसाठी ती चौथ्या-पाचव्या फटीत, काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे नेली. लहान मुलांत अजून दुसरीच फट. आणि वरच्या डीकेएच्या केसमधली मर्यादाही बदललेली आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २००९ च्या सूचनांत इन्सुलिन रोखायचा पोटॅशियमचा आकडा ३.३ होता, २०२४ मध्ये तो ३.५ झाला. बायकार्बोनेटसाठी पीएच ६.९ होता, तो ७.० झाला. पोटॅशियम ३.४ असलेला प्रश्न जुन्या की मध्ये इन्सुलिनकडे जाईल आणि नव्याने पोटॅशियमकडे. अशा ओळीपुढे वहीत 'तेव्हा' आणि 'आता' असे दोन शब्द लिहून दोन्ही आकडे ठेवा, परीक्षेत 'आता' धरा.

हे पाहायला तुमच्या कॉलेजात वापरलं जाणारं मोठं पाठ्यपुस्तक किंवा त्या आजाराची चालू मार्गदर्शक सूचना उघडा. तिसरी की उघडून मत घेऊ नका, कारण अनेक कीज एकमेकींवरूनच उतरवलेल्या असतात. दहा मिनिटांत निकाल लागला नाही तर प्रश्न सोडून द्या. अशा एका प्रश्नावर पूर्ण संध्याकाळ घालवणारे विद्यार्थी बरेच असतात, आणि ती संध्याकाळ त्या बारा केसच्या प्रश्नांची असते.

शब्दाला शब्द खरा असलेला पेपर हवा असेल तर यूपीएससीच्या कम्बाइंड मेडिकल सर्व्हिसेसचे जुने पेपर घ्या. आयोग ते स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवतो, उत्तरतालिकाही देतो. प्रत्येकी १२० प्रश्नांचे दोन पेपर, दोन-दोन तासांचे. त्यांतले बरेच प्रश्न नीट पीजीपेक्षा थेट आणि छोटे आहेत, त्यामुळे वेळेच्या सरावासाठी ते चालणार नाहीत. पण केसवरचे प्रश्न वेचून ऑप्शन उलगडायला फार चांगले, कारण तिथे आकडा गळलेला नसतो.

तीन वह्यांचं काय करायचं? त्या पुन्हा लिहून काढू नका. रविवारी एक तास पेन्सिल घेऊन बसा आणि केसचे प्रश्न असलेल्या नोंदींवरच फिरा. ज्या नोंदीतून तुम्हाला आत्ता, पुस्तक न उघडता, एका चुकीच्या ऑप्शनचा रुग्ण तयार करता येतो, तिथे समासात तो एका ओळीत लिहा. जिथे येत नाही तिथे गोल करा. सोमवारपासूनच्या गठ्ठ्यांत रोज दोन गोल मिसळून घ्या, मात्र मूळ प्रश्न जसाच्या तसा नको. एक आकडा बदलून मैत्रिणीला किंवा वॉर्डातल्या सहकाऱ्याला विचारायला द्या आणि तिने बदललेला एक प्रश्न तुम्ही सोडवा. वरच्या डीकेएच्या मुलापासूनच सुरुवात करता येईल: पोटॅशियम ६.९, ईसीजीत टी वेव्ह टोकदार, लघवी अजून झालेली नाही, आणि ऑप्शनमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेट.

— सल्लागार, अभ्यास सदर